शेवटी उचलणारा

“उचला. मी शेवटी.”

एवढं बोलून आप्पा दोन पावलं मागं सरायचे, रक्ताळलेले हात धोतराच्या सोग्याला पुसायचे आणि आपला काही संबंधच नाही अशा चेहऱ्यानं आभाळाकडं बघत उभे राहायचे.

आखाडात आमच्या आळीत एक बोकड सामाईक घेतला जायचा. चिंचेखाली पळसाची पानं मांडायची, पानांवर मटणाचे वाटे घालायचे, आणि ते काम वर्षानुवर्षं आप्पांचंच. दुसऱ्या कुणी वाटे घातले तर भांडणं व्हायची. आप्पांनी घातले की व्हायची नाहीत. कारण वाटे पाडणारा शेवटी उचलणार, ही आमच्याकडची जुनी रीत. सगळे आपापलं पान उचलून गेले की जे उरेल ते त्याचं. आता तुम्हीच सांगा, उरणारं पान आपल्याच पदरात पडणार हे ठाऊक असल्यावर माणूस वाटे कसे घालील? सगळ्यांत बारकं पान जितकं मोठं करता येईल तितकं करील. त्याला दयेची गरज नाही, पुण्याची नाही. रीतच त्याला शेवटच्या पानाकडं बघायला लावते.

पण आप्पांचे वाटे सारखे नसत, हेही तुमच्या लक्षात आलं असतं. बोकड सोलणारा शेजारच्या गावाहून यायचा. त्याच्या पानावर आख्खी कलेजी असायची. एका वर्षी मी विचारलं, “आप्पा, त्याला जास्त का? सगळे सारखे ना?”

“बरं, सारखंच घालतो,” आप्पा म्हणाले. “कलेजी काढून सगळ्यांत वाटतो. मग पुढच्या साली तो यायचा न्हाई, अन् तू सोलशील. सोलशील का?”

“मी नाही सोलणार.”

“मग कातड्याबरोबर निम्मं मटण जाईल. शेवटच्या पानावर निस्ती हाडं. बोल, काय करू?”

लोक हसले. मला राग आला. मी तेव्हा मंचरला कॉलेजात होतो आणि आमच्या अभ्यासमंडळाची पत्रकं सायकलवरून गावोगाव वाटत फिरायचो. समता हा शब्द मी शाईच्या वासासकट शिकलो होतो. कलेजीच्या मुद्द्यावर त्यात सूट असते असं आमच्या एकाही पत्रकात छापलेलं नव्हतं.

आणखी एक सांगून ठेवतो. ज्या ठकूबाईकडून बोकड घ्यायचा, तिला ठरलेल्या पैशाव्यतिरिक्त मुंडी आणि पाय मिळायचे. ती मेंढरंवाल्यांतली. माळाच्या कडेला तिची वस्ती, पालापाचोळ्याचं छप्पर, पुढं मेंढरं कोंडायला काट्यांचा वाडा. तिचा नवरा आणि मुलगा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन कोकणाकडं असायचे. ती मुंडी पदराखाली धरून लांब उभी राहायची. पानं मांडताना तिचं पान कुणी मांडलं नाही. आप्पांनीही नाही. मीही नाही. तेव्हा ते कुणाला दिसलंच नाही.

आमचं गाव निरगुडसर आणि लोणीच्या मधलं. खाली घोड नदी, वर माळ. नदीकाठच्यांची जमीन काळी, माळावरच्यांची पायाला टोचणारी. नव्वदच्या दशकात नदीला धरणाचं पाणी सोडलं जाऊ लागलं, तेव्हा गावानं मिळून उपसा संस्था काढली. नदीवर एक पंप, तिथून माळापर्यंत पाइप, आणि पाइपाला घरागणिक एक तोंड. प्रत्येक घराला पाण्याची सारखी पाळी, मग जमीन कितीही असो. हा नियम आमच्या मंडळानं सभेत भांडून करवून घेतला होता, आणि मला त्याचा फार अभिमान होता.

पहिली दोन वर्षं तो अभिमान मी छातीवर मिरवला. मग एकदा सखारामच्या वावरात गेलो.

सखारामचं तोंड पाइपाच्या अगदी शेवटी, माळाच्या माथ्यावर. त्याची पाळी सुरू झाली होती. पाइपातून आधी हवा आली, मग फसफस, मग लाल गाळ, आणि पाणी म्हणावं असं काही येईपर्यंत पाळी निम्मी संपली होती. पंप जुनाच घेतलेला, पाइप जागोजागी गळका, आणि सगळ्यांचा म्हणून कुणाचाच नाही. सखारामची बाजरी करपलेली.

“पत्रकवाले,” सखाराम म्हणाला, “तुमची समता लई चांगली हाय. निस्ती हितवर चढंना झालीय.”

त्याच साली नदीकाठच्या रावसाहेबानं सभेत प्रस्ताव आणला. रावसाहेब म्हणजे चार बागायतदारांचा पुढारी, पांढरी टोपी, जीपची चावी सतत बोटात फिरवायची सवय. चौघं मिळून दुसरा, मोठा पंप बसवतील, पाइपाची देखभाल करतील. बदल्यात चौघांना दुप्पट पाळी. त्यांना ऊस लावायचा होता.

मी उभा राहिलो आणि आमच्या मंडळाच्या भाषेत पेटून बोललो. रावसाहेब हसत म्हणाला, “अरं, वरच्याचं भांडं भरलं की खाली सांडतंच की. समद्यांचं भलं हाय.”

आप्पा संस्थेचे अध्यक्ष. ते इतका वेळ पारावर बसून खिशातले चिंचोके चाळवत होते. म्हणाले, “सांडंल त्याच्यावर कुणी जगत नसतं, राव. सांडलं तर सांडलं, न्हाई तर न्हाई. मला ठरवून किती पडतं ते सांगा. शेवटच्या तोंडाला काय?”

“आताच्यापेक्षा बरंच.”

“आताच्यापेक्षा बरं तर निस्ता पाइप सांधला तरी व्हईल. तुझ्या दुपटीहून बरं व्हतंय का, ते बघू.”

आणि त्यांनी पारावर चिंचोके मांडले. तो खेळ मला अजून दिसतो. पहिली रांग: आहे तसं, सगळ्यांना सारखं. प्रत्येकापुढं सारखेच चिंचोके, पण मग गळती म्हणून त्यांनी टोकाकडच्या ढिगांतले उचलले. सखारामपुढं दोन उरले. दुसरी रांग: नवा पंप, चौघांना दुप्पट. चौघांचे ढीग फुगले, सखारामपुढं चार. तिसरी रांग: नवा पंप, चौघांना दीडपट. सखारामपुढं पाच. चौथी रांग: नवा पंप आणि सगळ्यांना सारखं. सखारामपुढं सहा.

“आता मोठ्या ढिगाकडं कुणी बघायचं न्हाई,” आप्पा म्हणाले. “चारी रांगांतला बारका ढीग बघा. कुठल्या रांगेतला बारका ढीग सगळ्यांत मोठा?”

“चौथ्या!” मी ओरडलो.

“व्हय. रावसाहेब, सारख्या पाळीवर पंप बसवशील?”

“खुळा हाय का मी?”

आप्पांनी चौथी रांग हातानं पुसली. “ही रांग न्हाईच. दुप्पटीची रांग बघा. ही रावसाहेबाची हाऊस. दीडपटीवर बसवशील?”

रावसाहेबाची चावी थांबली. “दीडपटीत परवडत न्हाई.”

“परवडत न्हाई का मन व्हत न्हाई? उसाला किती पाणी लागतं ते मलाबी कळतं. सव्वापटीत परवडत न्हाई, ते मी मानतो. दीडपटीत परवडतंय.”

बराच वेळ घासाघीस चालली. शेवटी रावसाहेब दीडपटीवर आला, शिव्या देत आला, पण आला. बाकीच्या रांगांचे चिंचोके आप्पांनी खिशात घातले आणि तिसरी रांग तेवढी पारावर ठेवली. सखाराम त्या पाच चिंचोक्यांकडं असा बघत होता जसं काही ते वावरच आहे.

मी मात्र ऐकणारा नव्हतो. सभेनंतर आप्पांना गाठलं. “आप्पा, त्यांना जास्त द्यावं लागतं ते त्यांच्या नकारामुळं. नकार त्यांचा, आणि गरज म्हणून तुम्ही तो आम्हाला दाखवता. हा न्याय नाही, ही अडवणूक आहे.”

आप्पा चालता चालता थांबले. “खरं हाय तुझं,” ते म्हणाले. “त्यो जर खरंच समद्यांचा असता तर म्हनला असता, बसवतो सारख्यावर. पण त्याचा नकार माझ्या हातात न्हाई, भाऊ. वाटा माझ्या हातात हाय. त्याचं मन सुधारंपतोर सखारामनं करपली बाजरी खायाची का? तू जाऊन सांग सखारामला.”

मी गेलो नाही सांगायला.

दोन गोष्टी त्यांनी त्या करारात आणखी घालून घेतल्या. जास्त पाणी घेणाऱ्या चौघांना सभेत दोन-दोन मतंही हवी होती. आप्पा म्हणाले, “पाणी दीड, मत एकच. मत वाट्यात घालायचं नसतं.” रावसाहेबानं त्याऐवजी सखारामला आणखी एक पाळी देऊ केली. तरी नाही. आणि पंपावर बसायचं काम गावातल्या कुणाच्याही पोराला शिकता आलं पाहिजे, बागायतदाराच्या भाच्यापुरतं नाही. हे दोन मुद्दे पाण्याच्या हिशेबाच्या आधीचे आहेत, पाण्यानं ते विकत घेता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कुठल्या पुस्तकात वाचलं असं विचारलं तर म्हणायचे, “पुस्तक काय करायचंय, वाटे पाड अन् शेवटी उचल.”

आणि मी कबूल करतो, करार चालला. सखारामच्या वावरात ज्वारी झाली, मग कांदा झाला. त्यानं घरावर कौलं घातली. आप्पा माळावरून जाताना मुद्दाम त्याच्या पाइपाच्या तोंडाशी थांबून पाण्यात हात धुवायचे. आमच्या मंडळात मी आप्पांचं उदाहरण देऊ लागलो. काहींनी मला फितूर म्हटलं. मी भांडलो. इतका पटला होता मला तो पाच चिंचोक्यांचा ढीग.

ऊस मात्र थांबणारा नव्हता. नदीकाठ भरला, मग ओढ्याच्या दोन्ही अंगांना चढला. सखारामनंही माळाखालच्या तुकड्यात लावला. ठकूबाईच्या वस्तीपासून गावात यायची जी गाडीवाट होती, तिच्या दोन्ही बाजूंना आता ऊस होता. पूर्वी त्या वाटेवरून मेंढरं सुगीनंतरच्या मोकळ्या वावरांत शिरायची. आता वावरं कधी मोकळीच होत नव्हती. वाट अरुंद झाली, मग बोळ झाली. वर पाती एकमेकांना भिडली. दिवसासुद्धा आत हिरवा अंधार.

तिकडं जुन्नर बाजूला, बोरीकडं, बिबट्यांच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या होत्या. आम्हाला त्या लांबच्या वाटत. मग आमच्याकडची कुत्री कमी होऊ लागली. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळी गाव शांत शांत वाटायचं, एवढंच. का, ते ठकूबाईनं सांगितलं.

ती पिठाच्या गिरणीपाशी आप्पांना म्हणाली, “आप्पा, माझं दोन्ही कुत्रं गेलं. आन् रोज सांच्याला त्या बोळात काहीतरी बसलेलं असतंय. मला दिसत न्हाई. त्याला मी दिसते.”

आप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तेव्हा पहिल्यांदा उतरलेलं मी पाहिलं.

वाड्यातून एक कोकरू गेलं. मग शेळी. वनखात्याची माणसं आली, पिंजरा लावून गेली. त्यातल्या एका वयस्क माणसानं आम्हाला बोळात उभं करून समजावलं. उभा माणूस बिबट्या सहसा टाळतो. बसलेला, वाकलेला माणूस मात्र त्याला लहान जनावरासारखा दिसतो. आणि लहान पोर तर लहानच असतं. तो हे सांगत असताना ठकूबाईची नात तिच्या लुगड्याला धरून उभी होती. शाळेत जायचं वय. शाळेची वाट त्याच बोळातून. पिंजऱ्यात कोंबडी ओरडत राहिली. बिबट्या पिंजऱ्याकडं फिरकलाच नाही. त्याला पिंजऱ्याची गरज काय होती? अख्खं शिवार त्याचं घर झालं होतं, आणि ते आपण पाणी पाजून वाढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याकडं आले. बसले नाहीत. दारातच म्हणाले, “शेवटचं तोंड चुकलं, भाऊ.”

“म्हणजे?”

“मी पाइपाच्या टोकाला बघत व्हतो. टोकाला सखाराम दिसला. मला वाटलं, हाच शेवटचा.” त्यांनी माळाच्या कडेकडं बोट केलं. “पण शेवटचा माणूस पाइपाला असतोच असं कुठं हाय? तिला पाइपच न्हाई. तिचा ढीग मी मांडलाच न्हाई. मांडला असता तर दिसलं असतं, सखारामचं दोनाचं पाच झालं, अन् तिचं जे काय व्हतं ते गेलं.”

मी म्हटलं, “तुमचा नियमच मोडीत निघाला म्हणा की.”

“नियम न्हाई मोडला,” ते जवळजवळ ओरडलेच. “नियम बरोबर हाय. जास्त घ्यायचं असलं तर सगळ्यांत खालच्याचं त्यात भलं पायजे. खालचा कोण, ते आमी आमच्या सोयीनं ठरवलं. अन् माप बी एकच धरलं. पाणी. भीतीचं माप न्हाई धरलं.”

त्यांनी सभा बोलावली. प्रस्ताव साधा होता. वाटेच्या दोन्ही बाजूंचा आणि वस्तीभोवतीचा ऊस मागं घ्यायचा. मोकळा पट्टा ठेवायचा, त्यात कांदा, हरभरा, काहीही बुटकं करायचं. जे जास्तीचं पाणी उसाला जातं, त्याची अट आता ही.

ठकूबाईला त्यांनी बरोबर आणलं होतं. ती पाराखाली, चपलांच्या जागी बसली.

रावसाहेब शांतपणे बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. “आप्पा, नियम तुझाच. शेवटच्या तोंडाचं भलं व्हत असंल तर तफावत चालंल. सखारामचं भलं झालं का न्हाई? ही बाई सभासद हाय का? पाणी घेती का?”

“पाणी घेत न्हाई,” आप्पा म्हणाले. “आपण तिचं घेतलंय. तिची वाट घेतली, रान घेतलं.”

“मग पत्र्याचं घर बांधून देऊ तिला. पक्कं. मी देतो निम्मा खर्च.”

सभेत कौतुकाची कुजबुज झाली. आप्पा म्हणाले, “दे की. पण पुरतंय का, ते तिला इचारलंस?”

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. सगळे पहिल्यांदाच चपलांकडं वळले.

ठकूबाई उभी राहिली, पदर सारखा केला. “घर नको मला,” ती म्हणाली. “घरात काय दिवसभर बसून ऱ्हाऊ? पोरगी साळंत जाती. मला वाट दिसली पायजे. निस्ती वाट दिसली पायजे.”

नंतर मी बोललो, चांगलं बोललो. काही उपयोग झाला नाही. कारण माझ्यानंतर सखाराम उठला. वाटेकडेचा ऊस त्याचाही होता.

“आप्पा, तुमचं उपकार हायेत,” तो खाली बघत म्हणाला. “पण मी करपली बाजरी खाऊन इतकी वर्सं काढली. आता कुठं उसाच्या दोन सऱ्या माझ्या. आता मी शेवटचा न्हाई, आप्पा. मला पुन्हा तिकडं ढकलू नका.”

“ढकलत न्हाई रं. दोन सऱ्या गेल्या तरी तू तिच्याखाली जात न्हाईस. तिच्या जागंवर उभा ऱ्हाऊन बघ.”

“का म्हनून उभा ऱ्हाऊ?” सखाराम म्हणाला. “हितं यायला मला किती वर्सं लागली!”

मी त्याच्यावर ओरडलो. आप्पांनी मला हातानं खाली बसवलं.

मतदान झालं. एक घर एक मत, आप्पांनीच लढून राखलेलं. प्रस्ताव पडला. ‘तोडणीनंतर बघू’ असं ठरलं. ऊस तोडणीला यायला अजून बरेच महिने होते, आणि पोरीची शाळा रोज होती.

परत जाताना मी म्हणालो, “एक मत ठेवलंत म्हणून हरलात.”

“हरलो ते बरोबर हाय,” आप्पा म्हणाले. “समद्यांचं मत सारखं पायजे. पण चुकलं ते चूकच हाय. मत दिल्यानं चूक बरोबर व्हत न्हाई.” मग जणू स्वतःशीच, “वाटे मी पाडले. मग शेवटचं पान कुणाचं?”

त्या आठवड्यात आप्पांनी घर बदललं. ठकूबाई आणि नात त्यांच्या गावातल्या घरात आल्या, आणि आप्पा आपली खाट, एक कंदील आणि काठी घेऊन माळाच्या कडेला, त्या छपरात राहायला गेले. त्यांची बायको आधीच गेलेली, मुलगा चाकणला कारखान्यात. गावाला हसू आवरेना.

“आप्पा, मेंढरं घेतली का राव?”

“आप्पा, वाघाला म्हणा, उचला, मी शेवटी!”

आप्पाही हसायचे. पण रोज सकाळी ते बोळातून चालत यायचे, पोरीला शाळेपर्यंत पोचवण्याचं कारण आता उरलं नव्हतं तरी यायचे, आणि ज्याच्या ज्याच्या दारावरून जात त्याला सांगायचे, “आज बी बसलेलं व्हतं.” एवढंच. वाद नाही, उपदेश नाही. दूध देणाऱ्यानं रोज दारात यावं तसं. लोक दार लवकर लावून घेऊ लागले. रावसाहेबानं एकदा जीप थांबवून म्हटलं, “कशाला जिवाशी खेळतोस?” आप्पा म्हणाले, “खेळत न्हाई. मोजतोय. तिथं बसल्याबिगर माप लागत न्हाई.”

मी एका संध्याकाळी त्यांच्याकडं गेलो होतो. छपरापुढं आम्ही दोघं उभे होतो. वारा पडलेला. उसाची भिंत समोर अगदी स्थिर, आणि त्या स्थिरतेत एकाच जागचं पातं हललं, थांबलं, मग थोडं पुढचं हललं. काहीतरी आमच्या बाजूनं, आमच्या चालीनं सरकत होतं. मी आप्पांची काठी धरली.

“कळलं?” आप्पा हळूच म्हणाले. “हे तिच्या वाट्याला रोज व्हतं. अन् मी सखारामच्या पाइपाशी हात धूत व्हतो.”

त्याच वर्षी आखाडात त्यांनी पानं मांडली तेव्हा एक पान जास्त होतं. कुणीतरी विचारलं, हे कुणाचं. आप्पांनी ठकूबाईला पुढं बोलावलं. “पयलं तू उचल.” ती घाबरली. तिनं सगळ्यांत कडेचं पान उचललं. मग बाकीच्यांनी. आप्पांनी शेवटी. त्यांच्या पानावरचं मटण इतरांइतकंच होतं. ते नेहमीच तसं असायचं.

पुढं दिवाळी झाली. तोडणीच्या टोळ्या अजून यायच्या होत्या. आप्पांनी वाट पाहणं सोडून दिलं होतं. ते रोज ऊन कलताना विळा घेऊन बोळात जायचे आणि वाटेत लोंबणारं वाळकं पाचट कापून काढायचे. दुसऱ्याच्या उसाला हात लावायचा नाही, निव्वळ वाटेत आलेलं पाचट. एका हाताएवढी वाट मोकळी व्हायची. पाचट बुडाशी असतं. ते काढायला खाली बसावं लागतं.

एका संध्याकाळी सखारामला त्याच्या वावरात एक आवाज ऐकू आला. तो धावला, हे मला सांगितलंच पाहिजे, एकटा, हातात खोरं घेऊन, ओरडत तो बोळात शिरला. त्याच्या ओरडण्यानं बिबट्या गेला. आप्पा बसल्या जागीच कलंडले होते. मानेवर, खांद्यावर घाव. विळा हातात तसाच. सखारामनं त्यांना पाठीवर घेतलं आणि रावसाहेबाच्या जीपमध्ये घातलं. मंचरला नेलं, तिथून पुण्याला. आप्पा परत आले नाहीत.

लोक म्हणाले, एवढा उंचापुरा माणूस, त्याच्यावर कसा काय आला? मला वनखात्याच्या त्या माणसाचं बोलणं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी बोळात गेलो, जिथं पाचटाचा शेवटचा भारा पडला होता तिथं, आणि खाली बसलो. बसल्यावर माझं डोकं कुठवर आलं ते पाहिलं. ठकूबाईच्या नातीएवढं.

त्यानंतर सभा घ्यावीच लागली नाही. ज्यानं त्यानं आपापल्या बाजूचा ऊस मागं घेतला. सखारामनं पहिल्यांदा, कोयता लावून, कच्चा ऊस. वाट रुंद झाली. तिच्यावर ऊन पडलं. पोरगी शाळेत जाताना लांबून दिसायची. मी आमच्या मंडळाच्या पत्रकात लिहिलं की एका माणसानं गावाला न्याय शिकवला. किती सहज लिहिलं मी ते.

ते एक वर्ष टिकलं. चाकणच्या मुलानं वडिलांचं घर विकलं. त्याची काही चूक नव्हती, त्याला पैशांची गरज होती. ठकूबाई आणि नात पुन्हा माळाच्या कडेला गेल्या. उसाला भाव आला होता. मोकळ्या पट्ट्यात पहिल्यांदा कुणीतरी एक सरी घातली, मग शेजाऱ्यानं त्याच्याकडं बघून दुसरी. बिबट्या बरेच दिवस दिसला नव्हता. कुत्री मात्र पुन्हा कमी झाली होती. मी सभेत बोललो. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या आखाडात मी गावी होतो. चिंचेखाली पानं मांडलेली. वाटे सखारामनं घातले, नीट घातले, सोलणाऱ्याच्या पानावर कलेजी ठेवली. मोजायला गेलात तर बोट ठेवायला जागा नव्हती. ठकूबाईचंही पान होतं. आप्पांची तेवढी आठवण आळीनं ठेवली होती.

सखारामनं हात पुसले. सगळे थांबले होते. तो काहीतरी म्हणेल असं वाटून मीही थांबलो होतो.

तो वाकला आणि त्यानं पहिलं पान स्वतःसाठी उचललं.

मग दुसऱ्यानं उचललं, तिसऱ्यानं. घाईघाईनं पानं संपत गेली. ठकूबाई शेवटपर्यंत उभी राहिली आणि उरलेलं एक पान तिनं पदराखाली घेतलं. ऊन कलत होतं. तिनं नातीचा हात धरला आणि दोघी वाटेला लागल्या. वाटेच्या तोंडाशी पोरगी एकदा मागं वळली. पुढच्या पावलाला दोन्हीकडचा ऊस तिच्या डोक्यावरून गेला, आणि मला फक्त म्हातारीचा पदर दिसत राहिला. मग तोही दिसेना.